बेरीज जुळली, पण माणसे जुळली का? पीएफ आणि ईएसआयच्या ऑडिटबद्दल

प्रश्न: मी आर्टिकलशिप करतोय. एका कारखान्याच्या 2024-25 च्या ऑडिटमध्ये पीएफ आणि ईएसआय माझ्याकडे आले आहे. लेजरचा आकडा, पगारपत्रकातली कपात आणि बाराही चलनांची बेरीज रुपयाला रुपया जुळते. तरी सर म्हणतात, ‘हे काही तपासणं झालं नाही.’ मग अजून काय तपासायचं असतं?

उत्तर:

तुमच्या सरांच्या बाजूने आहे मी. चलनाची बेरीज एवढेच सांगते की कुणासाठी तरी, कधीतरी, एवढे पैसे भरले गेले. कुणाच्या खात्यात गेले, त्यातले पेन्शनला किती गेले आणि नेमक्या कोणत्या तारखेला गेले, या तिन्ही गोष्टी बेरजेत दिसत नाहीत, आणि पीएफच्या ऑडिटमध्ये जे सापडते ते बहुतेक या तिघांतच सापडते.

आधी कागद कुठून घ्यायचे ते सांगतो. क्लायंटचा क्लार्क तुम्हाला एक एक्सेल देईल, त्यात महिना, रक्कम, चलन क्रमांक सगळे नीट मांडलेले असेल. ते ठेवून द्या आणि त्याला तुमच्यासमोर पोर्टलवर लॉगिन करायला सांगा. बाराही महिन्यांचे ईसीआर, म्हणजे पीएफचे माणसागणिक मासिक रिटर्न, आणि भरणा झाल्याच्या पावत्या तिथूनच उतरवून घ्या. त्याच वेळी हजेरीपत्रक मागा, कारण पगारपत्रक हा हजेरीवरून तयार झालेला दुय्यम कागद आहे. कामावर कोण होते हे मस्टर सांगते.

ईसीआरची टेक्स्ट फाइल उघडलीत तर एका माणसाची एक ओळ असते. नमुन्यासाठी दोन ओळी, क्रमांक आणि नावे काल्पनिक:

```
100900000017#~#KAMGAR A#~#18500#~#15000#~#15000#~#15000#~#1800#~#1250#~#550#~#0#~#0
100900000025#~#KAMGAR B#~#26000#~#15000#~#0#~#15000#~#1800#~#0#~#1800#~#0#~#0
```

क्रम असा: यूएएन म्हणजे सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांक, नाव, एकूण पगार, पीएफचा पगार, पेन्शनचा पगार, विम्याचा पगार, कामगाराचा हिस्सा, पेन्शनमध्ये गेलेली रक्कम, मालकाच्या हिश्श्यातली पीएफमध्ये गेलेली उरलेली रक्कम, बिनपगारी दिवस आणि शेवटी ॲडव्हान्सची परतफेड. फाइल `#~#` या खुणेवर तोडून एक्सेलमध्ये घ्या. यूएएनचा रकाना पगारपत्रकात आणि ईसीआरमध्ये दोन्हीकडे टेक्स्ट ठेवा, नाहीतर एकीकडे आकडा आणि दुसरीकडे अक्षरे होऊन असलेली माणसेही ‘नाही’ दिसतात. मग पगारपत्रकाच्या शीटमध्ये, यूएएन A रकान्यात आहे असे धरून:

```
=XLOOKUP(A2,ECR!A:A,ECR!G:G,"नाही")
```

हेच उलटही करायचे, म्हणजे ईसीआरच्या शीटमधून पगारपत्रकात शोधायचे. नवी मुले पहिली बाजू करतात आणि थांबतात. दुसऱ्या बाजूने काय सापडते ते एका उदाहरणाने सांगतो. प्रसंग माझ्या पाहण्यातला आहे, आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत.

भोसरीतले एक मशीन शॉप, पीएफचे साठ सभासद. पंधरा हजारांवर पगार असलेल्यांची कपातही पंधरा हजारांवरच होत होती. सप्टेंबर 2024 चा पीएफचा पगार 8,22,000. कामगारांची 12 टक्के कपात 98,640, मालकाचा हिस्सा तेवढाच. विम्याचे, म्हणजे ईडीएलआयचे, अर्धा टक्का 4,110 आणि प्रशासन शुल्क अर्धा टक्का, तेही 4,110. चलन 2,05,500 चे. कपातीची मर्यादा सगळ्यांना पंधरा हजारांची असेल तर चलन पीएफच्या पगाराच्या बरोबर 25 टक्के येते. हा ताळा मी कागद हातात आल्याआल्या तोंडी करतो. कुणाची कपात पंधरा हजारांच्या वरच्या पगारावर होत असेल तर विम्याचा भाग पंधरा हजारांवरच थांबतो आणि चलन 25 टक्क्यांच्या किंचित खाली येते. प्रत्येकाची रक्कम पूर्ण रुपयात होते, म्हणून दोन-चार रुपयांचा फरक चालतो.

इथे ताळा अचूक बसला. पगारपत्रकात साठ माणसे, ईसीआरमध्ये साठ, लेजरही बरोबर. दोन्ही बाजूंनी शोधल्यावर मात्र पगारपत्रकातला एक हेल्पर ईसीआरमध्ये सापडेना आणि ईसीआरमधला एक माणूस पगारपत्रकात सापडेना. दोघांचाही पीएफचा पगार 12,000.

मस्टर काढले. ईसीआरमधला माणूस 24 ऑगस्टला काम सोडून गेलेला. पगारपत्रकातला हेल्पर 2 सप्टेंबरला लागलेला, आणि त्याच्यासमोर यूएएनचा रकाना रिकामा. आधारवरचे नाव आणि कंपनीत दिलेले नाव यात फरक असल्यामुळे त्याचा यूएएन तयार होत नव्हता. क्लार्कपुढे पेच होता. कपात तर 1,440 ची झालेली, पण ओळ भरायला क्रमांक नाही, आणि ओळ गाळली तर चलन 3,000 ने कमी येऊन लेजरशी जुळणार नाही. त्याने गेल्या महिन्याची फाइल उघडली आणि सोडून गेलेल्या माणसाची ओळ तशीच राहू दिली, बिनपगारी दिवस शून्य ठेवून. पगार सारखाच, त्यामुळे बेरीज जुळली. फेब्रुवारीपर्यंत हे चालू होते.

चोरी कुणीच केलेली नाही, पैसा सगळा भरलेला आहे. तरी नव्या हेल्परच्या नावावर सहा महिने काहीच जमा नाही, आणि त्याचे काही बरेवाईट झाले असते तर घरच्यांना ईडीएलआयचा दावा करताना सभासदत्वाची नोंदच सापडली नसती. सोडून गेलेल्या माणसाचे दुखणे वेगळे. तो दुसऱ्या कारखान्यात लागला असेल तर त्याची नोकरी दोन ठिकाणी एकाच वेळी चालू दिसते आणि पीएफ वर्ग करायला गेला की तिथे अडकतो. आयकराच्या बाजूने बघा. कलम 36(1)(va) मध्ये वजावट मिळण्याची अट ‘कामगाराच्या खात्यात’ मुदतीत जमा करण्याची आहे. दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेली रक्कम त्या अटीत बसते असे म्हणायला मी तरी धजावणार नाही. आम्ही सहा महिन्यांचे 8,640 वेगळे काढून साहेबांपुढे ठेवले.

दुरुस्तीबद्दल क्लायंट हमखास म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करून टाकतो.’ तसे करू देऊ नका. नव्या माणसाचा यूएएन काढून त्याचा भरणा पूरक रिटर्नने वेगळा करायचा आणि चुकीच्या खात्यात गेलेल्या रकमेसाठी पीएफ कार्यालयाकडे लेखी अर्ज द्यायचा. पुढच्या ईसीआरमध्ये परस्पर वजाबाकी केली तर आणखी एका महिन्याचे रेकॉर्ड बिघडते.

आता पेन्शन. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात, तेही पंधरा हजारांच्या मर्यादेत, म्हणजे जास्तीत जास्त 1,250. बाकीचे पीएफमध्ये. ही फोड चुकली तरी बारा टक्के बाराच राहतात, म्हणून बेरजेवरून हे कधीच कळत नाही. वरच्या दोन ओळी पुन्हा बघा. कामगार ‘अ’चे 1,250 आणि 550, कामगार ‘ब’चे शून्य आणि 1,800. दोघांचीही बेरीज 1,800.

‘ब’ला पेन्शन का नाही? 1 सप्टेंबर 2014 पासून पुढे जो पहिल्यांदाच पीएफचा सभासद झाला आणि लागताना ज्याचा पगार पंधरा हजारांच्या वर होता, त्याला पेन्शन योजनेत घेता येत नाही, मालकाचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्ये जातात. तसेच वयाची 58 वर्षे पूर्ण झाली की पेन्शनचा भरणा थांबतो, पीएफ आणि विमा चालू राहतो. म्हणून जन्मतारीख, रुजू तारीख आणि आधीच्या नोकरीची माहिती देणारा फॉर्म 11 यांची यादी करून पेन्शनच्या रकान्याला लावा. या मशीन शॉपमध्ये तीन सुपरवायझर आणि एक 59 वर्षांचे टर्नर असे चौघे पेन्शनबाहेर हवे होते. पेन्शनचा पगार 8,22,000 मधून 60,000 वजा जाऊन 7,62,000 यायला हवा होता आणि चलनात खाते क्रमांक 10 मध्ये साधारण 63,475. प्रत्यक्षात 64,725 होते. फरक 1,250, म्हणजे एक माणूस. टर्नरचे वय सॉफ्टवेअरमध्ये टाकलेच नव्हते. अशा वेळी फरकाला 1,250 ने भागून बघायची सवय ठेवा, किती माणसे शोधायची ते आधीच कळते. क्लायंटला याने एक पैशाचा भुर्दंड पडत नाही म्हणून तो कंटाळतो, पण निवृत्तीच्या वेळी क्लेम परत येतो तो यामुळेच.

पगाराच्या पायाबद्दल थोडक्यात, कारण हा कायद्याचा मुद्दा आहे आणि तुमच्या पातळीवर तो फक्त नोंदवायचा आहे. बेसिक 7,000, ‘स्पेशल अलाउन्स’ 6,000, घरभाडे 5,000 अशी रचना दिसली आणि कपात 840 म्हणजे फक्त बेसिकवर असेल, तर थांबा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितले की सगळ्यांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफच्या पगारात धरावा लागतो. घरभाडे कायद्यानेच वगळलेले आहे. तेव्हा इथे 13,000 वर 1,560 हवेत. पगारपत्रक, ईसीआर, चलन तिन्ही आपापसात जुळतात, कारण तिघांचा पायाच एक आहे आणि तोच कच्चा आहे.

तारखांकडे येतो. सर्वात महाग चूक इथेच होते आणि ती पकडायला सर्वात सोपी आहे.

भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची 15 तारीख. पूर्वी मिळणारे सवलतीचे पाच दिवस 2016 मध्ये बंद झाले, पण काही जुन्या अकाउंटंटांच्या डोक्यात 20 तारीख अजून पक्की बसलेली आहे. चलनाच्या कागदावर टीआरआरएन, म्हणजे चलनाचा संदर्भ क्रमांक, तयार झाल्याची तारीख असते, ती भरणा केल्याची तारीख नव्हे. टॅली एन्ट्रीची तारीखही नव्हे. तुम्हाला हवी आहे बँकेतून पैसे गेल्याची तारीख, ती बँक स्टेटमेंटमधून घ्या आणि पोर्टलवरच्या भरणा पावतीशी लावा.

याच कारखान्यात जानेवारी 2025 चे चलन 15 फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी तयार झाले. मालकांनी बँकेत मंजुरी दिली सोमवारी, 17 तारखेला. लेजरमध्ये नोंद 15 चीच. कामगारांचा हिस्सा 99,000, पूर्ण चलन 2,06,250. दोन दिवसांचे पीएफ कायद्याच्या कलम 7Q चे 12 टक्के दराने व्याज साधारण 136 रुपये होते. कलम 14B ची नुकसानभरपाई जून 2024 पासून महिन्याला एक टक्का या दराने आहे, तीही दोन दिवसांसाठी किरकोळच. म्हणून क्लायंटला वाटते, एवढ्यासाठी काय तोंड वाकडे करता. पण आयकर कायदा 1961 मध्ये कामगारांकडून कापलेली रक्कम आधी मालकाचे उत्पन्न धरली जाते आणि मुदतीत जमा केली तरच वजावट मिळते. एक दिवस चुकला तरी 99,000 ची वजावट त्या वर्षी नाही आणि पुढच्या कोणत्याच वर्षी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 12 ऑक्टोबर 2022 च्या चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात यावरचा वाद मिटवला. मालकाचा स्वतःचा हिस्सा वेगळा, तो कलम 43B प्रमाणे रिटर्न भरण्याच्या मुदतीपर्यंत भरला तरी चालतो.

त्यामुळे लेजर बघताना पहिली गोष्ट ही बघा की कामगाराचा आणि मालकाचा हिस्सा वेगळ्या खात्यांत आहे की एकाच ‘पीएफ पेयेबल’मध्ये कोंबला आहे. टॅक्स ऑडिटच्या फॉर्म 3CD च्या कलम 20(b) मध्ये फक्त कामगारांकडून आलेली रक्कम, तिची देय तारीख आणि भरणा तारीख महिनावार द्यायची असते. एकच खाते असेल तर तो तक्ता ईसीआरवरूनच बनवा, लेजरवरून बनवायला जाऊ नका.

कंपनीला कारो 2020, म्हणजे ऑडिटरच्या अहवालात काय सांगायचे ते ठरवणारा आदेश, लागू असेल तर तिसऱ्या परिच्छेदातल्या (vii)(a) साठी आणखी एक गाळणी लावावी लागते, ती म्हणजे 31 मार्चला सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेली निर्विवाद देणी. मोजणी देय तारखेपासून करायची. 31 मार्च 2025 साठी म्हणजे ऑगस्ट 2024 च्या पगाराची, 15 सप्टेंबरला देय झालेली रक्कम आणि त्याआधीची. सप्टेंबरच्या पगाराची रक्कम 15 ऑक्टोबरला देय होते, ती यात येत नाही. पण ‘नियमितपणे भरणा होतो का’ हा त्याच कलमाचा पहिला भाग आहे, आणि तिथे उशिराने भरलेले महिनेही सांगावे लागतात, मार्चपर्यंत सगळे चुकते केलेले असले तरी.

ईएसआयला पीएफच्याच शीटमध्ये ओढू नका. दर 0.75 आणि 3.25 टक्के, मुदत तीच 15 तारीख, पण 2024-25 मध्ये पगाराची व्याख्या वेगळी होती. घरभाडे पीएफमध्ये नव्हते, ईएसआयमध्ये होते. ओव्हरटाइमवर ईएसआय भरावा लागत होता, पण माणूस 21,000 च्या मर्यादेत आहे का हे ठरवताना ओव्हरटाइम धरत नव्हते. हे दोन रकाने वेगळे नसलेले पगारपत्रक दिसले की चूक आहेच असे समजून शोधायला लागतो मी.

ईएसआयमधली नेहमीची चूक पगारवाढीच्या महिन्यात होते. एका वेल्डरचा पगार एप्रिलमध्ये 20,400 होता, जुलैपासून 22,500 झाला. सॉफ्टवेअरने 21,000 ओलांडले म्हणून जुलैपासूनच कपात बंद केली. पण अंशदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात, आणि कालखंडाच्या सुरुवातीला जो विमाधारक आहे तो कालखंड संपेपर्यंत विमाधारकच राहतो. 22,500 वर चार टक्के म्हणजे महिन्याला 900 प्रमाणे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे 2,700 कमी भरले गेले. त्यातला कामगाराचा हिस्सा आता वेल्डरकडून मागता येत नाही, कारण ज्या काळाचे अंशदान त्याच काळाच्या पगारातून कपात करता येते, नंतरच्या नाही. सगळे मालकाच्या अंगावर. शोधायची रीत सोपी आहे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन जोड्या सोडून इतर कोणत्याही दोन महिन्यांत विमाधारकांच्या यादीतून जो गळला, तो नोकरी सोडून गेला आहे का ते मस्टरमध्ये बघा. गेला नसेल तर चूक सापडली.

ठेकेदाराची माणसे तुमच्या पगारपत्रकात नसतात, म्हणून ती ऑडिटमधूनही निसटतात. ठेकेदाराने भरले नाही तर मूळ मालकावर जबाबदारी येते, पीएफमध्येही आणि ईएसआयमध्येही. बिलाबरोबर तो जे चलन लावतो ते त्याच्या सगळ्या ठिकाणच्या माणसांचे मिळून असते. दीडशे माणसांचे चलन तीन कारखान्यांच्या बिलांना लावता येते आणि लावले जाते. चलनाची रक्कम बघून काही कळत नाही. गेटवरच्या हजेरी वहीतली त्या महिन्याची नावे घ्या आणि ती त्याच्या ईसीआरमध्ये एकेक करून शोधा. सगळे महिने जमत नसतील तर दोन निवडा, त्यातला एक दिवाळीचा असू द्या. त्या महिन्यात बदली माणसे जास्त येतात आणि त्यांची नावे ईसीआरपर्यंत क्वचितच पोचतात.

सरांना दाखवताना बारा महिन्यांचा एकच तक्ता द्या: पगारपत्रकातली माणसे, ईसीआरमधली माणसे, दोन्हीकडून न सापडलेली नावे, पेन्शनच्या फोडीतला फरक, देय तारीख, बँकेची तारीख. 31 मार्चची लेजर शिल्लक फक्त मार्चच्या चलनाएवढी आहे का, हा ताळा त्याच्या खाली. शिल्लक थोडी जास्त निघाली तर तिला ‘राउंडिंग’ म्हणून सोडण्याआधी 25 टक्क्यांनी भागून बघा. येणारा आकडा बऱ्याचदा कुणाचा तरी पगार असतो.